सहा थाळ्यांचं कोडं

सकाळी ७.३०

कोथरूडमधलं नऊ टेबलांचं मराठी जेवणाचं हॉटेल. शटर अर्धंच वर केलेलं, आत कांदा चिरणं चाललेलं. नवं मेनूकार्ड छापायचं आहे म्हणून मालकांनी मला बोलावलंय. त्यांना इथे सगळे दादा म्हणतात, मीही दादाच म्हणते. नाश्त्याचा भाग मागेच उरकला होता. आज जेवणाचे आठ पदार्थ घ्यायचे: साधी थाळी, विशेष थाळी, पिठलं-भाकरी, भरलं वांगं-भाकरी, डाळिंबी उसळ-भाकरी, मसालेभात, वरण-भात-तूप आणि पनीर मसाला-पोळी.

विक्रीचा रिपोर्ट माझ्याकडे कालच आला आहे, पण तो मी सकाळी उघडत नाही. आधी वजनकाटा. कुठला पदार्थ किती खपला हे बिलाच्या मशीनमधून कळतं. त्यावर सुटलं किती, हे मात्र प्रत्यक्ष ताट मोजल्याशिवाय कळत नाही. दादांच्या वहीत पिठलं-भाकरीचा खर्च 'पंचवीस रुपये' असा लिहिलेला आहे आणि ते पान जुनं आहे.

एक ताट रोजच्यासारखं वाढायला सांगितलं आणि एकेक गोष्ट काट्यावर ठेवली. दोन भाकऱ्यांना १६० ग्रॅम ज्वारीचं पीठ, त्याचे ९ रुपये ६० पैसे. बेसन ६० ग्रॅम, ६ रुपये ६० पैसे. तेल ३ रुपये, पिठल्यातला आणि वर फोडून दिलेला कांदा २ रुपये ८० पैसे, ठेचा ५ रुपये, लसूण-जिरं-कोथिंबीर ३ रुपये ८० पैसे. आणि भाकरीवरचा लोण्याचा गोळा १२ ग्रॅमचा, ७ रुपये २० पैसे. एकूण ३८ रुपये.

दादा गोळ्याकडे बघत राहिले. "म्हणजे पिठल्यापेक्षा लोणी महाग?"

बेसनापेक्षा महाग, हो. पण तो गोळा कमी करायचा नाही, हे मी लगेच सांगून टाकलं. पिठलं-भाकरी मागवणारा माणूस त्या गोळ्याकडे आधी बघतो. खर्च मोजायचा तो कापण्यासाठीच, असं नसतं.

सकाळी ९.००

आता रिपोर्ट. मी नेहमी सलग २८ दिवसांचा घेते, कॅलेंडरच्या महिन्याचा नाही. २८ दिवसांत प्रत्येक वार बरोबर चार वेळा येतो. महिन्याच्या रिपोर्टमध्ये कधी पाच रविवार येतात आणि थाळी उगाच लोकप्रिय दिसते. श्रावण, गणपती, दिवाळी हे काळ तर बाजूलाच ठेवायचे. त्या दिवसांतले आकडे खरे असतात, पण वर्षाचे नसतात.

मग साफसफाई. एकाच पदार्थाची मशीनमध्ये दोन-दोन नावं असतात. इथे 'पिठलं भाकरी' आणि 'झुणका भाकरी' वेगवेगळ्या ओळींत होती, स्वयंपाकघरातून मात्र एकच ताट जात होतं. ती एक केली. पार्सलची विक्री वेगळी काढली, कारण डिलिव्हरी अ‍ॅपचं कमिशन आणि डबा वजा केल्यावर त्याच वरण-भाताचा हिशेब साफ बदलतो. त्याचं कार्डही वेगळंच हवं, ते आज नाही.

भाव घेतले ते जीएसटी सोडून. या हॉटेलला बिलावर पाच टक्के लावता येतात, पण खरेदीवर भरलेला कर वळता करून मिळत नाही, म्हणून तो कर खर्चात धरायचा. कंपोझिशन योजनेतल्या हॉटेलांचं निराळं. त्यांना गिऱ्हाइकाकडून कर घेताच येत नाही, पाच टक्के स्वतःच्या गल्ल्यातून जातात, म्हणून त्यांनी भावातूनच ते आधी वजा करावेत. हे न करता मांडलेली गणितं मी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यांत सगळेच पदार्थ फायद्यात असतात.

सकाळी १०.१५

मी जी पद्धत वापरते ती मायकेल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ या दोघांनी अमेरिकेत १९८२ साली मांडली. दोन रेषा आखायच्या. एक खपाची, एक सुटणाऱ्या रकमेची. सुटणारी रक्कम म्हणजे भाव वजा कच्च्या मालाचा खर्च, तीही टक्क्यांत नव्हे, रुपयांत.

२८ दिवसांत या आठ पदार्थांची मिळून २,००० ताटं गेली. आठ पदार्थ, म्हणजे सरासरी वाटा साडेबारा टक्के. त्याच्या ७० टक्के ही खपाची रेष: पावणेनऊ टक्के, म्हणजे १७५ ताटं. सरासरीवरच रेष आखली तर जोरात चालणारी एखादी थाळी बाकी सगळ्यांना नापास करते, म्हणून ही सत्तर टक्क्यांची सवलत. दुसरी रेष रकमेची. सगळ्या ताटांवर मिळून १,८९,३६० रुपये सुटले, त्याला २,००० ने भागलं की ९४ रुपये ६८ पैसे. याच्या वर ते चांगले सुटणारे, खाली ते कमी सुटणारे.

दोन्ही रेषांच्या वर एकटी पिठलं-भाकरी: ३८० ताटं, १०२ रुपये. कासावाना-स्मिथ यांच्या भाषेत हा तारा. खप भरपूर पण रक्कम कमी, ते नांगराचे घोडे: साधी थाळी (६२० ताटं, ८८ रुपये), मसालेभात आणि वरण-भात. रक्कम चांगली पण खप नाही, ती कोडी: विशेष थाळी (१५० ताटं, १३६ रुपये), भरलं वांगं (१६० ताटं, ११४ रुपये), डाळिंबी (५० ताटं, ११२ रुपये), पनीर (९० ताटं, १०४ रुपये). चौथा कप्पा कुत्र्यांचा, दोन्हीकडे नापास झालेल्यांचा. तो रिकामा निघाला.

दादांना मात्र हे पटेना. त्यांच्या हिशेबनिसाने त्यांना शिकवलं आहे की कच्च्या मालाचा खर्च भावाच्या ३५ टक्क्यांच्या आत हवा. वरण-भात ११० रुपयांचा, खर्च ३६, म्हणजे ३३ टक्के, उत्तम. विशेष थाळी २४० ची, खर्च १०४, म्हणजे ४३ टक्के, वाईट. "म्हणून तर मी विशेष थाळी फार करत नाही," ते म्हणाले.

मी विचारलं, "दादा, एक खुर्ची, अर्धा तास. त्या खुर्चीवरून तुम्हाला ७४ रुपये हवेत की १३६?"

टक्केवारी पूर्ण निरुपयोगी नाही. माल चोरीला जातोय का, वाढताना हात सैल सुटतोय का, हे तिच्यावरूनच कळतं. पण कार्डावर काय पुढे आणायचं हे ठरवायला ती चुकीची पट्टी आहे. भाडं आणि पगार रुपयांत द्यावे लागतात.

'फार करत नाही' हे त्यांचे शब्द मात्र मी कागदाच्या कडेला लिहून ठेवले.

दुपारी १२.३०

आता कागद बंद. गल्ल्याशेजारी भिंतीला टेकून उभं राहायचं आणि बघायचं.

पोळ्या बाहेरून येतात, अकरालाच डबा आलेला असतो. त्यामुळे थाळी मागितली की चार-पाच मिनिटांत टेबलावर. भाकरीचं तसं नाही. भाकरी मावशी करतात, एका तव्यावर, थापून, पाणी फिरवून, मग आचेवर फुगवून. तासाला वीस-बावीस भाकऱ्या, म्हणजे दहा-अकरा ताटं. दुसरा तवा ठेवायचा तर शेगडी मोकळी नाही आणि हातही दोनच.

एक वाजून वीस मिनिटांनी चार पिठलं-भाकरी एकदम अडकल्या. त्यातच थाळीवाल्या एका टेबलाने पोळीऐवजी भाकरी मागितली. मावशींनी मागे न बघताच सांगितलं, "त्यांना म्हणावं पोळी खा. हितं मी काय मशीन हाय का?"

कागदावरचा एकुलता एक तारा हा असा आहे. पुस्तकी सल्ला म्हणेल, ताऱ्याला चौकट द्या, ठळक करा. इथे तसं केलं तर एक ते दोनच्या तासात गिऱ्हाइक वीस मिनिटं बसून राहील, टेबल अडेल आणि बाहेर उभे असलेले लोक शेजारच्या डोशाकडे जातील. कासावाना-स्मिथच्या रेषांमध्ये फक्त कच्चा माल आहे, मावशींचे हात आणि शेगडी नाही. ही त्या पद्धतीवरची जुनी टीका आहे आणि रास्त आहे.

दीड वाजता दुसरी गोष्ट घडली. पाच नंबरच्या टेबलाने दोन विशेष थाळ्या मागितल्या. वाढपी पोरगा सराईतपणे म्हणाला, "विशेष संपली. साधी देऊ?" त्यांनी मान डोलावली. पुढच्या पंचवीस मिनिटांत हेच वाक्य मी आणखी दोन टेबलांवर ऐकलं.

दुपारी ३.००

जेवणं उरकली. मी मशीनमधून वेगळा रिपोर्ट काढला: विशेष थाळीची बिलं, वेळेसकट. जवळजवळ सगळी दीडच्या आतली. संध्याकाळचं एकही नाही.

"रोज किती करता?"

"सहा," आचारी म्हणाले. "बासुंदी सहाच वाट्या होते ना."

विशेष थाळीत साध्या थाळीवर मसालेभाताची मूद, दोन कोथिंबीर वड्या आणि बासुंदीची वाटी असते. भात आणि वड्या तशाही केलेल्या असतात. अडतं ते बासुंदीपाशी. सकाळच्या घाईत एकच शेगडी रिकामी मिळते, त्यावर बसणाऱ्या पातेल्यात दोन लिटर दूध मावतं, ते आटून सहा वाट्या निघतात.

आता १५० हा आकडा पुन्हा बघा. रोज सहा, २८ दिवस, म्हणजे जास्तीत जास्त १६८. खपाची रेष १७५ वर आहे. सहाच्या सहा रोज विकल्या असत्या तरी विशेष थाळी नापासच झाली असती. आठवड्याचे मंद दिवस सोडले तर ती दर दुपारी संपत होती आणि कागद म्हणत होता की लोकांना ती आवडत नाही.

बिलाचं मशीन विकलेलं मोजतं, मागितलेलं नाही. ज्या छोट्या हॉटेलात पदार्थ मोजून केले जातात, तिथे ही खोट प्रत्येक रिपोर्टमध्ये असते. ती ओळखायची खूणही सोपी आहे: रोजचा आकडा एकाच संख्येशी येऊन थांबतो, आणि शेवटचं बिल रोज साधारण त्याच वेळेचं असतं. खरोखर नावडता पदार्थ असा वागत नाही. त्याचे आकडे वाटेल तसे पसरतात, कधी शून्य, कधी पाच, आणि रात्री दहालाही एखादं बिल असतं. डाळिंबीची बिलं अशीच पसरलेली होती.

"मग जास्त करायची, पण सकाळी शेगडी कुठंय?" आचाऱ्यांचा प्रश्न बरोबर होता. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. सव्वातीन. तीन ते पाच या वेळात चारही शेगड्या बंद असतात. बासुंदी आदल्या दिवशी दुपारी आटवून फ्रीजमध्ये ठेवली तर उलट बरी लागते. मोठी कढई माळ्यावर आहे. पाच लिटर दूध, पंधरा वाट्या.

दादांची भीती वेगळी. उरली तर? एका वाटीला दूध, साखर, सुकामेवा धरून २४ रुपये लागतात. साध्या थाळीवरून एखादा माणूस विशेषवर आला तर जास्तीचे सुटतात १३६ वजा ८८, म्हणजे ४८. (पूर्ण १३६ धरायचे नाहीत. तो माणूस तसाही जेवणारच होता. हा घोटाळा फार जण करतात आणि मग वाढलेला नफा गल्ल्यात सापडत नाही.) म्हणजे जास्तीच्या तीन वाट्यांपैकी एक खपली आणि दोन फुकट गेल्या तरी हिशेब बरोबर सुटतो. शिवाय उरलेली बासुंदी दुसऱ्या दिवशी सुटी वाटी म्हणून विकता येते. दादांनी कढई उतरवायला सांगितली.

डाळिंबीचा निकाल लवकर लागला. कडवे वाल भिजवून, मोड आणून, सोलायचे. दोन बायका तासभर त्यातच असतात आणि खप दिवसाला दोन ताटांपेक्षा कमी. ११२ रुपयांत ती मजुरी धरलेलीच नाही. कार्डावरून काढली, फक्त बुधवारी करायची आणि बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहायची. जे डाळिंबीसाठीच येतात ते बुधवारी येतील.

पनीरबद्दल आचाऱ्यांना विचारलं तर ते आधी गप्प बसले, मग म्हणाले, "आठवड्याला किलोभर टाकावं लागतं." दिवसाला तीन ताटं जातात, दुसऱ्या कशात पनीर लागत नाही. चार आठवड्यांत चार किलो, ३६० च्या भावाने १,४४० रुपये. ते वजा केले की पनीरवर ताटामागे १०४ नाही, ८८ च सुटतात. रिकामा वाटलेला चौथा कप्पा रिकामा नव्हता. "काढून टाका," दादा म्हणाले, आणि मी मान डोलावली.

दुपारी ४.३०

साध्या थाळीचा भाव. दादांना १६० चे १७० करायचे आहेत. गणित त्यांच्या बाजूने आहे: ८८ च्या जागी ९८ सुटले तर ६२० ऐवजी ५५७ ताटं गेली तरी तेवढीच रक्कम हातात येते. म्हणजे ६३ ताटं कमी झाली तरी चालतील, आणि इतकी कमी होतील असं मला वाटत नाही.

तरी मी नको म्हटलं. याच कार्डात विशेष थाळी पुढे आणतोय. भावही आत्ताच वाढवला तर महिन्याने विशेषचा आकडा वाढलेला दिसेल तेव्हा तो जागेमुळे वाढला, बासुंदीमुळे, की दोन थाळ्यांमधलं अंतर ८० वरून ७० रुपयांवर आल्यामुळे, हे सांगता येणार नाही. भाव पुढच्या खेपेला. दादा फारसे खूश नव्हते.

संध्याकाळी ६.००

डीटीपीवाला लॅपटॉप घेऊन आला. जुन्या कार्डावर उजवीकडे किमतींचा उभा रकाना आहे, नावापासून तिथपर्यंत टिंबांची रांग. अशा कार्डावर माणूस बोट ठेवून स्वस्तापासून वाचतो. रकाना काढला, किंमत वर्णनाच्या शेवटी, त्याच अक्षरात, रुपयाचं चिन्ह न लावता.

डीटीपीवाल्याने कुठेतरी वाचलं होतं की नजर आधी पानाच्या मधोमध जाते, मग उजव्या कोपऱ्यात. हा समज हॉटेलवाल्यांत जुना आहे. २०१२ साली सिबिल यांग या संशोधिकेने नजरेचा माग घेऊन पाहिलं, तेव्हा लोक कार्ड साधारण पुस्तकासारखंच वाचतात असं दिसलं, वरून खाली. त्याआधी २०११ मध्ये तेल अवीवच्या एका कॅफेत पदार्थांच्या जागा अदलूनबदलून पाहिल्या गेल्या होत्या. गटातला पहिला आणि शेवटचा पदार्थ मधल्यांपेक्षा जास्त मागवला जातो, असं त्यात निघालं. मला एवढं पुरतं.

विशेष थाळी गटात पहिली, आणि सबंध पानावर चौकट तिलाच. 'विशेष' म्हणजे काय ते जुन्या कार्डावर लिहिलेलंच नव्हतं. आता मसालेभात, कोथिंबीर वडी, बासुंदी अशी नावं घातली. पिठलं-भाकरी मध्ये, साध्या अक्षरात. तिला ओळख करून द्यायची गरज नाही. शेवटी भरलं वांगं, आणि त्यापुढे 'पोळी किंवा भाकरी', म्हणजे ते मावशींच्या तव्यावाचूनही जाऊ शकेल.

रात्री ८.४५

रात्रीची गर्दी वेगळी असते. दुपारी ऑफिसची माणसं, रात्री कुटुंबं. दोन नंबरवर आजी-आजोबा, आई-बाबा आणि सातेक वर्षांची मुलगी. मुलीने कार्ड न बघताच सांगितलं, "मला पनीर." बाकी चौघांनी थाळ्या घेतल्या.

मी पनीरची जुनी बिलं चाळली, हे खरं तर दुपारीच करायला हवं होतं. बहुतेक रात्रीची, आणि बहुतेकांवर त्याच टेबलाची तीन-चार थाळी-पिठलं. पनीरवर ८८ रुपये सुटतात हे खरं, पण ते नसेल तर हे टेबल कदाचित दुसऱ्या हॉटेलात जाईल आणि चारशेच्या वर सुटणारी रक्कम घेऊन जाईल. पदार्थ एकेकटे मोजणाऱ्या तक्त्यात टेबल दिसत नाही.

डीटीपीवाल्याला फोन केला: पनीर ठेव, 'फक्त रात्री' असं लिही, मधल्या ओळीत. किलोच्या लादीऐवजी २०० ग्रॅमची पाकिटं आणायची. भाव जरा चढा पडेल, पण टाकावं लागणार नाही.

रात्री १०.३०

गल्ला मोजून झाला. कार्ड जाड कागदावर छापायचं, लॅमिनेशन करायचं नाही, कारण चार आठवड्यांनी पुन्हा बदलेल. तेव्हा गटात सात पदार्थ असतील आणि खपाची रेष पावणेनऊवरून दहा टक्क्यांवर सरकेल. भरलं वांगं आजच्याइतकंच खपलं तरी त्या रेषेपासून आणखी लांब दिसेल. दादांना हे आत्ताच सांगून ठेवलं, नाहीतर ते घाबरून तेही काढतील. सरासरीवर बेतलेल्या रेषेखाली बहुतेक वेळा कोणी ना कोणी राहतंच. खालचे काढत गेलं तर शेवटी एक थाळी उरेल.

गल्ल्याशेजारी एक शंभर पानी वही ठेवली आहे. पदार्थ संपला की वाढप्याने त्याचं नाव आणि वेळ लिहायची, आणि त्यानंतर कोणी मागितला तर पुढे एक रेघ मारायची. तुमचं हॉटेल असेल तर तक्ता नंतर करा, ही वही उद्या सकाळीच सुरू करा.